ओहोटीचे दोन तास : खांबांवरच्या घराचे रेंडर

दक्षिण चिलीत, पॅसिफिक महासागराच्या कडेला, चिलोए नावाचे मोठे बेट आहे. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर १५६७ साली वसलेले कास्त्रो हे शहर तिथल्या खांबांवरच्या लाकडी घरांसाठी ओळखले जाते. या घरांना तिकडे पालाफितो म्हणतात. घराची पुढची बाजू रस्त्याला लागलेली असते आणि मागची बाजू सरळ पाण्यावर, लाकडी खांबांच्या रांगांवर उभी असते. मागच्या दाराबाहेर फळ्यांचा धक्का, धक्क्याला शिडी आणि शिडीखाली होडी. मासेमारीवर जगणाऱ्या कुटुंबाला एका दारातून बाजार आणि दुसऱ्यातून समुद्र, अशी ही सोय होती. २२ मे १९६० च्या महाभयंकर भूकंपात आणि त्यामागून आलेल्या सुनामीत यांतली बरीच घरे नष्ट झाली. उरलेल्यांपैकी गांबोआ भागातली रांग आज सर्वांत परिचित आहे.

वास्तुचित्रणाचा सराव करणाऱ्यांना हा विषय फार आवडतो. रेंडर म्हणजे संगणकात घराची त्रिमित प्रतिकृती उभारून, तिच्यावर प्रकाश कसा पडेल आणि कसा परतेल याचे गणित करवून काढलेले चित्र. पालाफितोच्या रेंडरमध्ये लाकूड, ओल, पाणी आणि आकाश एकाच चौकटीत येतात, आणि चारही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात. म्हणूनच अशी चित्रे बहुधा फसतात. घर उत्तम असते, पाणीही उत्तम असते, पण खांबांवरची ओल एका वेळेची साक्ष देते आणि पाण्याची पातळी दुसऱ्या वेळेची. पाहणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण चित्रावर विश्वास बसत नाही. त्यामुळे अशा रेंडरची सुरुवात घरापासून न करता भरती-ओहोटीपासून करणे शहाणपणाचे ठरते.

चिलोए आणि चिलीची मुख्य भूमी यांच्यामधला समुद्र अरुंद आणि आडोशाचा आहे. महासागराच्या मोठ्या लाटा बेटच अडवते, त्यामुळे कास्त्रोच्या खाडीत सकाळी वारा सुटण्यापूर्वी पाणी अगदी निवांत असते. पातळी मात्र स्थिर नसते. उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत पाच मीटर किंवा त्याहूनही अधिक फरक पडतो. मुंबईच्या उधाणाशी हा आकडा जुळणारा आहे, त्यामुळे कोकण किनाऱ्यावरच्या वाचकाला त्याची कल्पना सहज येईल. पूर्ण ओहोटीला पालाफितोचे खांब चिखलात उघडे पडतात आणि प्रतिबिंब उरतच नाही. पूर्ण भरतीला पाणी जमिनीच्या तुळयांजवळ येते, प्रतिबिंब भरघोस मिळते, पण खांबांचा ओला भाग पाण्याखालीच राहतो. ओले खांब आणि शांत पाणी दोन्ही हवे असेल, तर भरती उलटून पाणी उतरू लागल्यानंतरची वेळ धरावी लागते.

भरतीनंतरचे दोन तास धरून एक उदाहरण मांडता येते. समजा, त्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक पाच मीटर आहे आणि पूर्ण भरतीला धक्क्याच्या तुळयांचा तळ पाण्यापासून दीड मीटर वर असतो. पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. खलाशांच्या जुन्या ठोकताळ्यानुसार पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा हिस्सा उतरतो, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, आणि मग वेग पुन्हा मंदावतो. म्हणजे दोन तासांत पाच मीटरांपैकी बारा हिश्श्यांतले तीन, अर्थात सव्वा मीटर पाणी उतरले. आता तुळयांचा तळ पाण्यापासून पावणेतीन मीटर वर आहे, आणि खांबांवर पाण्यालगत सव्वा मीटर उंचीचा ओला पट्टा उघडा पडला आहे. त्यातला वरचा सुमारे चाळीस सेंटीमीटरांचा भाग पहिल्या तासात उघडा पडला, तो निथळू लागलेला आहे. खालचा पाऊण मीटरहून जास्त भाग गेल्या तासाभरातच बाहेर आला, तो चिंब आहे.

हीच पातळी पाणी चढत असतानाही येते, भरतीच्या दोन तास आधी. पण तेव्हा पाण्याच्या लगेच वरचे लाकूड आठ तासांहून जास्त वेळ उघड्यावर राहिलेले असते. ते शेवाळामुळे दमट असेल, पण निथळणारे, चमकणारे नसेल. पाण्याची उंची तीच, घर तेच, खांबांचा रंग मात्र वेगळा. म्हणून चित्रकाराने मनाशी आधी ठरवायचे ते इतकेच: पाणी चढते आहे की उतरते आहे.

वेळ ठरली की खांबांवरचे पट्टे आपोआप ठरतात. वर, जिथे पाणी कधी पोहोचत नाही, तिथे लाकूड उन्हापावसाने राखाडी झालेले असते. त्याखाली भरतीची रेघ आणि तिच्या आसपास पातळ, काळपट-हिरवे शेवाळ. आणखी खाली, जो भाग दिवसातला बराच वेळ पाण्यात असतो, तिथे शिंपल्यांचे दाट थर वाढतात. आपल्या उदाहरणात पाणी अजून बरेच वर आहे, त्यामुळे शिंपल्यांचा दाट थर पाण्याखालीच आहे. पाण्याच्या रेषेलगत शिंपल्यांचे गुच्छ लावले की चित्र देखणे दिसते, पण मग पाणी तिथे पूर्ण ओहोटीच्या जवळ असायला हवे. दोन्हींची सरमिसळ ही या विषयातली फार जुनी खोड आहे.

ओल्या पट्ट्याची वरची कड सगळ्या खांबांवर एकाच आडव्या पातळीत असते, कारण ती पाण्याने आखलेली आहे. खांब तिरका असो, आखूड असो, पुढे असो की मागे, रेघ त्याच उंचीला कापते. प्रत्येक खांबावर तीच ओलसर खांबाची प्रतिमा चिकटवली की तिरक्या खांबावर रेघही तिरकी होते आणि बनाव उघडा पडतो. म्हणून ओल खांबाच्या स्वतःच्या मापावर न बेतता दृश्यातल्या उंचीवर बेततात. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी Geometry नोडमधला Position घेऊन Separate XYZ ने त्यातली Z म्हणजे उंची वेगळी काढतात, आणि Map Range वापरून पाण्याच्या पातळीपासून सव्वा मीटरपर्यंत ओल पूर्णाकडून शून्याकडे नेतात. उंचीच्या त्या आकड्यात Noise Texture चा थोडा अंश मिसळला की कड काही सेंटीमीटर वरखाली होते. खऱ्या लाकडातही भेगा आणि रेषांमधून पाणी थोडे वर शोषले जाते, त्यामुळे ही कड कधीच आखल्यासारखी सरळ नसते. धक्क्याची शिडी, आडवे दांडे, जुने दोरखंड, जे जे जमिनीला पक्के आहे त्या सगळ्याला हीच रेघ लागू होते. होडी तेवढी वेगळी. ती पाण्याबरोबर खालीवर होते, त्यामुळे तिच्या अंगावर सव्वा मीटरचा ओला पट्टा येऊच शकत नाही.

ओले लाकूड दिसते कसे, हा पुढचा प्रश्न. ते काळे पडते आणि चमकते, एवढे सगळ्यांना ठाऊक असते, पण या दोन गोष्टींची कारणे निराळी आहेत. कोरड्या, झिजलेल्या लाकडाच्या तंतूंमध्ये हवा असते. लाकूड आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश वारंवार विखुरतो आणि बराचसा बाहेर परततो, म्हणून लाकूड फिके दिसते. त्या पोकळ्यांत पाणी शिरले की लाकूड आणि पाणी यांच्यातला फरक कमी होतो, प्रकाश कमी विखुरतो, आत खोल जातो आणि शोषला जातो. शिवाय पृष्ठभागावर पाण्याचा पापुद्रा असेल तर बाहेर निघू पाहणारा काही प्रकाश त्याच्या आतल्या बाजूवरून पुन्हा लाकडाकडे वळतो. स्वीडिश शास्त्रज्ञ अँडर्स आँगस्ट्रॉम यांनी १९२५ मध्ये ओली जमीन काळसर का दिसते याचे हेच दुसरे कारण मांडले होते. रेंडरमध्ये याचा अर्थ असा की लाकडाचा मूळ रंग साधारण निम्म्यापर्यंत गडद करायचा आणि थोडा अधिक गहिरा, कारण आत जास्त फिरलेला प्रकाश लाकडाचा रंग जास्त उचलतो. नुसता काळा मिसळला तर लाकूड ओले न दिसता जळके दिसते.

चमक येते ती पृष्ठभाग गुळगुळीत झाल्यामुळे. पाणी लाकडापेक्षा जास्त प्रकाश परतवते असे नाही. समोरून पाहिले तर पाण्याचा पापुद्रा जेमतेम दोन टक्के प्रकाश परतवतो, लाकडाच्या मूळ पृष्ठभागापेक्षाही कमी. पण कोरड्या लाकडाचा खडबडीतपणा तो प्रकाश सगळीकडे उधळतो, आणि पाण्याचा पापुद्रा तो एका दिशेने पाठवतो. म्हणून Roughness चा आकडा कोरड्या भागात ०.७ च्या आसपास असेल तर चिंब भागात ०.१५ ते ०.२५ पर्यंत आणतात, मधल्या निथळत्या भागात दोन्हींच्या दरम्यान ठेवतात, आणि Metallic ला अजिबात हात लावत नाहीत. चमक कमी वाटली म्हणून लाकडाला धातूचा अंश देणे हे सर्वांत महागात पडणारे पाऊल आहे. खांब लगेच वार्निश मारल्यासारखे किंवा प्लास्टिकचे दिसू लागतात. ओल्या गोल खांबावर चमक एका अरुंद उभ्या रेघेत, आकाश ज्या बाजूला मोकळे असेल त्या बाजूला येते. धक्क्याच्या सावलीतल्या आतल्या खांबांवर ती जवळजवळ नसते. सगळे खांब सारखेच चकाकत असतील तर ओल जास्त झाली आहे असे समजावे.

आता पाणी. शांत पाणी म्हणजे आरसा, ही समजूत अर्धीच खरी आहे. पाणी किती प्रकाश परतवते ते नजर त्याच्याशी किती कोन करते यावर अवलंबून असते. होडीत उभ्या असलेल्या माणसाचा डोळा पाण्यापासून १.६ मीटर उंचीवर आहे आणि घराचे पहिले खांब वीस मीटरांवर आहेत असे धरू. खांबांच्या पायाशी नजर पाण्याला जवळजवळ चाटून जाते, साडेचार अंशांच्या कोनात, आणि तिथले पाणी सुमारे साठ टक्के प्रकाश परतवते. तोच माणूस तीन मीटरांवरच्या पाण्याकडे पाहतो तेव्हा कोन अठ्ठावीस अंशांचा होतो आणि परतणारा प्रकाश सात टक्क्यांवर येतो. तिथे प्रतिबिंब विरते आणि पाण्याच्या आतला हिरवट गढूळपणा दिसू लागतो. कॅमेरा दहा मीटर उंच नेला तर वीस मीटरांवरच्या पाण्यातूनही आठ टक्क्यांच्या आसपासच परतते. म्हणजे वरून टिपलेल्या चित्रात घराचे लखलखीत प्रतिबिंब हवे हा हट्ट निसर्गाला मान्य नाही. रेंडर करणाऱ्या प्रोग्रामला पाण्याचा अपवर्तनांक १.३३ दिला की हे गणित तो स्वतः करतो. चूक होते ती माणसाने प्रतिबिंब वाढवण्यासाठी हा आकडा बदलला की, किंवा पाण्याऐवजी आरशाचे द्रव्य लावले की.

यातून आणखी एक गोष्ट निघते. प्रतिबिंब नेहमी मूळ वस्तूपेक्षा मंद असते, पण हे फक्त उजेडाच्या जागांना लागू आहे. पांढऱ्या खिडकीचे प्रतिबिंब खिडकीपेक्षा काळसर दिसेल, तर काळ्या ओल्या खांबाचे प्रतिबिंब खांबापेक्षा उजळ दिसू शकेल, कारण तिथे आकाशाचा प्रकाश कमी परततो आणि पाण्याचा स्वतःचा रंग वर येतो. म्हणून पाण्याखाली काहीच न ठेवता नुसता पृष्ठभाग रंगवला तर प्रतिबिंबातले काळे भाग भोकासारखे दिसतात. पाण्याला खोली द्यावी, त्यात गढूळ हिरवट विरघळ द्यावी आणि खांब पाण्याच्या पृष्ठभागावर न थांबवता खाली चिखलापर्यंत न्यावेत.

प्रतिबिंबात दिसणारे घर हे वरच्या घराची उलटी प्रत नसते. पाण्यातले चित्र म्हणजे डोळा पाण्याखाली तितक्याच अंतरावर असता तर घर जसे दिसले असते, तसे चित्र. कॅमेरा शेजारच्या घराच्या धक्क्यावर उभ्या माणसाच्या डोळ्यांपाशी ठेवला, म्हणजे पाण्यापासून सुमारे साडेचार मीटर वर, तर समोरचा धक्का नजरेखाली राहतो आणि त्याच्या वरच्या फळ्या दिसतात. पाण्यात मात्र त्याच धक्क्याचा तळ, तुळया आणि आडवे वासे दिसले पाहिजेत. तसेच मागचे छप्पर प्रत्यक्षात जेवढे दिसते त्यापेक्षा प्रतिबिंबात कमी दिसते, कारण खालून पाहताना पुढचा धक्का आणि भिंत त्याला झाकतात. चित्र पूर्ण झाल्यावर घर कापून, उलटे करून पाण्यावर डकवलेले असेल तर ते इथेच पकडले जाते: पाण्यात धक्क्याच्या वरच्या फळ्या दिसतात. याच कारणाने धक्क्याचा तळ न घडवता सोडून देणेही परवडत नाही. जो भाग वरून कधी दिसणार नाही असे वाटते, तो पाणी दाखवते.

अगदी स्थिर पाण्यातही बारीक लहरी असतात, आणि चित्राचा खरेपणा त्यांच्या मापावर ठरतो. पाण्याचा तुकडा एक अंश कलला की परतणारा किरण दोन अंश वळतो. दहा सेंटीमीटर लांबीची लहर माथ्यापासून खळग्यापर्यंत फक्त दोन मिलिमीटर असली तरी तिचा सर्वांत तीव्र उतार साडेतीन अंशांहून अधिक भरतो, म्हणजे किरण सात अंश वळतो. वीस मीटरांवरून सहा मीटर उंचीचे घर नजरेत सतरा अंशांचे असते. दोन मिलिमीटरांच्या लहरीने त्याचे प्रतिबिंब पार मोडून टाकले. घर पाण्यात ओळखू यायचे असेल तर अशा लहरींची उंची अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवी. सॉफ्टवेअरमधल्या तयार पाण्याच्या लहरी बहुधा यापेक्षा कितीतरी मोठ्या असतात, आणि शांत पाणी मागूनही खळबळलेले पाणी मिळते ते त्यामुळे.

लहरी प्रतिबिंब सगळ्या दिशांना सारखे फासत नाहीत. नजर पाण्याला चाटून जाते तेव्हा ते उभ्या दिशेने लांब ताणले जाते आणि आडव्या दिशेने जेमतेम हलते. साडेचार अंशांच्या कोनात आडवे सरकणे उभ्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरते. म्हणून खांबांचे प्रतिबिंब लांब, उभ्या, किंचित थरथरत्या रेघांसारखे टिकते, पण धक्क्याची आडवी कड, खिडक्यांच्या चौकटी, भिंतीवरच्या लाकडी खपल्यांच्या ओळी पाण्यात लवकर विरघळतात. चिलोएच्या घरांच्या भिंतींना तेहुएला नावाच्या या खपल्या बसवलेल्या असतात. पूर्वी त्या आलेर्से या झाडाच्या असत. १९७६ पासून त्या झाडाला चिलीत कायद्याचे संरक्षण आहे. भिंतीवर त्यांचे बारकावे कितीही सुंदर घडवले तरी पाण्यात त्यांचा फक्त रंग उरतो. प्रतिबिंब सगळीकडे सारखेच धूसर असेल तर ते लहरींनी मोडलेले नाही, पाण्याच्या Roughness चा आकडा वाढवून फासलेले आहे, हे ओळखता येते.

पाण्यात आकाश कोणते दिसते याकडे फारसे लक्ष जात नाही. दूरच्या पाण्यात डोक्यावरचे आकाश दिसत नाही, क्षितिजालगतचे दिसते, आणि कास्त्रोच्या खाडीत क्षितिजावर समोरच्या किनाऱ्याच्या हिरव्या टेकड्या आहेत. त्या चित्र तयार झाल्यावर मागे चिकटवल्या तर पाण्याला त्यांचा पत्ताच नसतो. टेकड्या वर आणि त्यांच्या जागी पाण्यात पांढरे आकाश, असा विसंवाद होतो. त्या ढोबळ आकारात का होईना, पण दृश्यातच उभ्या कराव्या लागतात. चिलोएचे हवामान पावसाळी आहे, त्यामुळे पातळ ढगांचे आकाश तिथे स्वाभाविक ठरते आणि ओल्या लाकडाला ते फार साजते. ऊन घ्यायचेच असेल तर कास्त्रो बेचाळीस-साडेबेचाळीस अंश दक्षिण अक्षांशावर आहे हे विसरून चालत नाही. तिथे सूर्य पूर्वेला उगवून उत्तरेकडून जातो. महाराष्ट्रात वर्षाचा बहुतेक काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो, त्यामुळे इथल्या सवयीने सूर्य लावला तर घराची उलटी बाजू उजळते.

शेवटी उरतो धक्क्याखालचा उजेड. पाण्यावरून परतलेला प्रकाश तुळयांच्या तळावर पडतो. ढगाळ हवेत तो मंद आणि सारखा असतो, उन्हात हलत्या जाळीसारखा. प्रकाशाचे मार्ग एकेक करून तपासणाऱ्या प्रोग्रामला गुळगुळीत पृष्ठभागावरून उडालेले हे किरण सापडायला फार वेळ लागतो, आणि अर्धवट सापडले की चित्रावर पांढरे ठिपके उठतात. ठिपके नकोत म्हणून ब्लेंडरच्या सायकल्समध्ये Reflective Caustics बंद केले की ठिपक्यांबरोबर तो उजेडही जातो आणि धक्क्याचा तळ मिट्ट काळा होतो. तो काळेपणा प्रतिबिंबातही उतरतो, कारण पाण्यात तळच दिसत असतो. ढगाळ दृश्यात ही सोय सुरू ठेवून जास्त नमुने घेणे, आणि उरलेले ठिपके नंतर गाळणे, हा मार्ग चालतो. उन्हाच्या दृश्यात मात्र अनुभवी चित्रकार पाण्याखालून वर रोखलेला एक मंद दिवा ठेवतात, जो पाण्याला आणि कॅमेऱ्याला दिसत नाही, फक्त तुळयांना उजळतो. त्याच्यापुढे लहरींच्या जाळीची प्रतिमा धरली की तळावर जाळीही पडते. त्या जाळीचे माप पाण्यावरच्या लहरींच्या मापाशी जुळवून घ्यावे लागते, आणि उजेड तुळयांच्या बाजूंपेक्षा तळाला जास्त लागला आहे का, हे धक्क्याच्या प्रतिबिंबात पाहून तपासता येते.